व्हीपीएन सुरू, पण साइट उघडेना

व्हीपीएन जोडलेले असते, गूगल उघडते, पण बँकेची साइट मात्र नुसती फिरत राहते. व्हीपीएन बंद केले की तीच साइट लगेच उघडते. अशा वेळी संशय वेगावर जातो, पण दोष बहुधा पॅकेटच्या आकारात असतो.

जाळ्यातून एका वेळी जास्तीत जास्त किती बाइटचे पॅकेट जाऊ शकते, ही मर्यादा म्हणजे एमटीयू. इथरनेटवर ती 1500 बाइट असते, पीपीपीओई ब्रॉडबँडवर 1492, आणि काही जोडण्यांवर त्याहूनही कमी. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटभोवती स्वतःचे वेष्टन घालते. वायरगार्डचे वेष्टन आयपीव्ही4 वर 60 बाइटचे असते. त्याचा एमटीयू सहसा 1420 ठेवलेला असतो, म्हणजे भरलेले पॅकेट बाहेर पडताना 1480 बाइटचे होते. वाटेतला एखादा दुवा 1460 चाच असेल, तर ते तिथे अडते किंवा त्याचे तुकडे होतात, आणि हे तुकडे अनेक फायरवॉल टाकून देतात. ‘पॅकेट मोठे आहे’ हे सांगणारा आयसीएमपी संदेशही बऱ्याच ठिकाणी अडवलेला असतो. पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

म्हणूनच जोडणी होते, पण पान येत नाही. सुरुवातीची हस्तांदोलनाची पॅकेटे लहान असतात, ती निघून जातात. सर्व्हरने प्रमाणपत्र पाठवले की पहिली भरगच्च पॅकेटे निघतात आणि तिथेच सगळे थांबते. गूगलच्या साइट बहुधा क्विक वापरतात. त्याची सुरुवात 1200 बाइटच्या आसपासच्या पॅकेटांनी होते, त्यामुळे त्या चालू दिसतात आणि निदान आणखी चुकते.

योग्य आकडा शोधण्यासाठी व्हीपीएन बंद करून त्याच्याच सर्व्हरला, तुकडे न करण्याच्या अटीवर, पिंग करावे. विंडोजवर आज्ञा अशी (पत्ता नमुन्याचा आहे):

```
ping -f -l 1472 203.0.113.5
```

लिनक्सवर `-f -l` ऐवजी `-M do -s` लिहावे. आधी साधे पिंग करून सर्व्हर उत्तर देतो का ते पाहावे. तो गप्प असेल, तर पुढची चाचणी फसवीच ठरेल. 1472 ला `Packet needs to be fragmented but DF set.` आले किंवा उत्तरच आले नाही, तर आकडा कमी करत जावे. समजा 1433 अडकतो आणि 1432 जातो. त्यात शीर्षाचे 28 बाइट मिळवले की वाटेचा एमटीयू 1460 निघतो. त्यातून 60 वजा केल्यावर वायरगार्डसाठी 1400 उरतो. सर्व्हर आयपीव्ही6 वर असेल तर वेष्टन 80 बाइटचे धरावे. हा आकडा `[Interface]` या भागात लिहायचा:

```
MTU = 1400
```

शक्यतो दोन्ही टोकांना तोच ठेवावा, कारण मोठी पॅकेटे मुख्यतः सर्व्हरकडून येतात. घाई असेल तर आधी 1280 टाकून पाहावे. साइट उघडल्या, तर दोष आकाराचाच आहे. वेग थोडाच घटतो, त्यामुळे नेमका आकडा सावकाश शोधता येतो. 1280 च्या खाली मात्र उतरू नये, कारण आयपीव्ही6 ला किमान तेवढा एमटीयू लागतोच.