आधी उत्तर, मग शोध

‘अक्कलदाढ काढायला किती वेळ लागतो?’ प्रश्न जेमतेम चार-पाच शब्दांचा. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या माहितीत याचे उत्तर असते, पण ते प्रश्नासारखे दिसत नाही. तिथे भूल दिल्याचे, हिरडीला छेद घेतल्याचे, टाके घातल्याचे वर्णन असते आणि मध्येच कुठेतरी अर्धा तास किंवा तास येतो. प्रश्न तोकडा आणि उत्तर ऐसपैस, म्हणून शोधयंत्राला त्यांची गाठ घालून देणे जड जाते.

आजची अनेक शोधयंत्रे नुसते शब्द जुळवत नाहीत. मजकुराचा आशय ती काहीशे आकड्यांच्या एका ओळीत बसवतात. या ओळीला वेक्टर म्हणतात. आशय जवळचा असेल तर वेक्टरही जवळ पडतात. मात्र प्रश्नाचा वेक्टर त्याच्या उत्तराशेजारी पडावा, हे यंत्राला शिकवावे लागते आणि त्यासाठी माणसांनी तपासलेल्या प्रश्नोत्तरांच्या हजारो जोड्या लागतात. त्या नसतील तर अक्कलदाढेच्या प्रश्नाला दुसरा तसाच प्रश्न जवळचा वाटतो आणि उत्तर दूर राहते.

लूयू गाओ, शुएगुआंग मा, जिमी लिन आणि जेमी कॅलन या चार संशोधकांनी 2022च्या डिसेंबरात यावर एक वाट सुचवली. तिचे नाव हाइड. प्रश्न थेट शोधायला द्यायचाच नाही. आधी भाषा-मॉडेलला सांगायचे, ‘या प्रश्नाचे उत्तर देणारा एक परिच्छेद लिही.’ मॉडेल आपल्या अंदाजाने लिहून टाकते की अक्कलदाढ काढायला साधारण अर्धा ते दोन तास लागतात. या कच्च्या उत्तराचा वेक्टर काढायचा आणि त्याच्या आसपास कोणते खरे परिच्छेद आहेत ते पाहायचे. आता उत्तराची तुलना उत्तराशीच होते. तपासलेल्या जोड्यांची गरजच उरत नाही.

कच्च्या उत्तरातला आकडा चुकीचा असला तर? इथेच या युक्तीची खरी गंमत आहे. मॉडेलने दोन तासांऐवजी चार तास लिहिले, तरी परिच्छेदाचा विषय, शब्दांची जात आणि बोलण्याची धाटणी दंतवैद्यकाचीच राहते. वेक्टर काढताना बारीक तपशील बराचसा पुसला जातो आणि विषयाचा गाभा उरतो. शिवाय एकाच कच्च्या उत्तरावर विसंबायचे नसते. संशोधकांनी एका प्रश्नाची अनेक उत्तरे लिहून घेतली, त्यांच्या वेक्टरांची सरासरी काढली आणि त्या सरासरीत मूळ प्रश्नाचा वेक्टरही मिसळला. शोध संपला की कच्ची उत्तरे टाकून द्यायची. वाचणाऱ्यापुढे येतो तो संग्रहातला, कुणीतरी खरोखर लिहिलेला परिच्छेद.

फरक किती पडला? 2019च्या एका प्रसिद्ध चाचणीत, पहिल्या दहा निकालांचा कस पाहून 100 पैकी गुण देतात तेव्हा, शब्द जुळवणाऱ्या जुन्या पद्धतीला 50.6 गुण होते. तपासलेल्या जोड्यांविना तयार झालेले कॉन्ट्रिव्हर हे वेक्टरयंत्र 44.5 वरच अडकले होते, म्हणजे जुन्या पद्धतीच्याही मागे. त्याच यंत्राला प्रश्नाऐवजी कच्ची उत्तरे दिली आणि गुण 61.3 वर गेले. यंत्रात काडीचा बदल केला नव्हता. स्वाहिली, कोरियन, जपानी आणि आपल्या शेजारच्या बंगालीतही सुधारणा दिसली.

पण आकडा चुकणे वेगळे आणि विषयच चुकणे वेगळे. समजा, महसुली कागदपत्रांच्या संग्रहात कुणी विचारले, ‘आठ अ कधी लागतो?’ सातबारा एका गटाची माहिती देतो, तर आठ-अ उताऱ्यात एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन दिसते. कर्ज काढताना शेतकऱ्याला तो द्यावा लागतो. मॉडेलला हे ठाऊक नसेल तर ते आठवी अ तुकडीच्या निकालाबद्दल छान, सफाईदार परिच्छेद लिहील. मग शोध त्याच दिशेने भरकटेल आणि नुसता प्रश्न दिला असता तर मिळाला असता तो कागदही खाली ढकलला जाईल.

हे ओळखायला अवघड नाही. कच्ची उत्तरे लपवून न ठेवता ती छापून वाचायची. पाचांपैकी दोन शाळेबद्दल, दोन जमिनीबद्दल आणि एक करभरण्याबद्दल असेल, तर मॉडेल चाचपडते आहे हे लगेच कळते. पाचही एकाच चुकीवर ठाम असली तर मात्र हा उपाय फसतो. म्हणून मूळ प्रश्नाने वेगळा शोध घेऊन दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. गट क्रमांक, कायद्याचे कलम किंवा माणसाचे नाव शोधायचे असेल तर ही पद्धत बाजूलाच ठेवावी. तिथे अक्षरन् अक्षर जुळणे महत्त्वाचे असते आणि नेमका तोच तपशील वेक्टरात पुसला जातो.

वेळेचा भारही आहेच. प्रत्येक प्रश्नामागे मॉडेलकडून आधी परिच्छेद लिहून घ्यायचा, तर शोधाला उशीर होतो आणि खर्चही वाढतो. संशोधकांनी स्वतःच म्हटले आहे की ही पद्धत शोधयंत्राच्या सुरुवातीच्या दिवसांसाठी आहे. लोक काय विचारतात आणि कशावर बोट ठेवतात याची नोंद साठत गेली की त्या नोंदींवर शिकवलेले यंत्र हळूहळू तिची जागा घेते आणि कच्चे उत्तर उरते ते क्वचित येणाऱ्या, अनोळखी प्रश्नांपुरते.