आरडीच्या पासबुकाचा फोटो कसा वाचावा?

नागावात वाडीतल्या नारळ-सुपारीचे पैसे आले, की त्यातून पोस्टाच्या आरडीचा हप्ता भरणारी घरं बरीच असतात. पासबुक आईकडे, मुलगा मुंबईला. मग आई पासबुकाचा फोटो पाठवते आणि विचारते, "बघ रे, सगळं बरोबर आहे ना?" आज आपण तो फोटो कसा वाचायचा ते पाहू.

फोटो दोन पानांचे हवेत. पहिल्या पानावर खातं उघडल्याची तारीख आणि हप्त्याची रक्कम असते, तर नोंदींच्या पानावर शेवटची ओळ महत्त्वाची. ती फोटोत कापली गेली असेल तर दुसरा फोटो मागवा.

एक उदाहरण घेऊ. समजा, १० जानेवारी २०२४ ला महिना १,००० रुपयांचं खातं उघडलं. १५ तारखेच्या आत उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. फोटो आहे २० जून २०२५ चा. जानेवारी ते जून मोजले तर १८ हप्ते, म्हणजे १८,००० रुपये व्हायला हवेत. पण शिल्लक दिसते १६,०००.

इथे घाबरण्याआधी शेवटच्या नोंदीची तारीख बघा. ती एप्रिलची असेल, तर एप्रिलपर्यंत १६ हप्ते पूर्ण आहेत. मे-जूनचे पैसे एकतर भरलेले नाहीत, नाहीतर भरले पण पासबुकात छापून घेतलेले नाहीत. फोटोवरून हे कळणार नाही, पोस्टात जाऊन नोंद करून घ्यावी लागेल. पण शेवटची नोंद जूनची असून शिल्लक १६,००० असेल, तर मधले दोन हप्ते खरोखर चुकलेत. हप्ते एजंटकडे देत असाल तर त्यांच्या कार्डावरची सही आणि पासबुकातली नोंद महिन्यागणिक जुळवा. पैसे खात्यात जमा झाल्याचा पुरावा पासबुकच.

हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिना १ रुपया दंड, म्हणजे आपल्या खात्याला दर महिन्याला १० रुपये. चार हप्ते थकले की खातं खंडित होतं आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात.

आता व्याज. मध्येच शिल्लक भरलेल्या रकमेइतकीच दिसली, तर व्याज बुडालं असं समजू नका. ते मुदत संपल्यावर मिळतं. या खात्याचा दर ६.७ टक्के, चक्रवाढ तिमाही, आणि उघडतानाचा दर पाचही वर्षं तोच. १८ हप्ते वेळेवर भरले असतील, तर सरळ व्याजाने आजवर सुमारे ९५५ रुपये होतात, चक्रवाढीने किंचित जास्त.

साठही हप्ते वेळेवर गेले, तर जानेवारी २०२९ मध्ये ६०,००० चे सुमारे ७१,३६६ रुपये मिळतील. हप्ता ५०० चा असेल तर याच्या निम्मे धरा. मात्र तीन वर्षांनंतर, मुदतीआधी खातं मोडलं तर व्याज साध्या बचत खात्याच्या दरानेच मिळतं. त्यामुळे लग्नाचा किंवा छपराचा खर्च आधी येणार असेल, तर हा आकडा हिशोबात धरू नका.