पोटरीतली गुठळी आणि हृदयाचा उजवा कप्पा

एप्रिल २००३. अमेरिकी फौज इराकच्या वाळवंटातून बगदादकडे निघाली होती आणि एनबीसी वाहिनीचे ३९ वर्षांचे बातमीदार डेव्हिड ब्लूम तिच्यासोबत होते. रात्री लष्करी गाडीच्या अडचणीत, पाय दुमडूनच झोपावे लागे. पाय दुखू लागले, तेव्हा फोनवर डॉक्टरांनी तपासून घ्यायला सांगितले. ते राहून गेले. ६ एप्रिलला ब्लूम कोसळले आणि त्यातच गेले. पायात धरलेली रक्ताची गुठळी त्यांच्या फुफ्फुसात पोचली होती.

पायातले रक्त वर ढकलण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. पाय तासन्‌तास हललाच नाही की खोल शिरांत रक्त रेंगाळते आणि साकळते. ब्लूम यांच्या रक्तात लवकर साकळण्याचा आनुवंशिक दोषही होता.

अशी गुठळी सुटली की तिची वाट ठरलेली असते. शिरा वर जाताना रुंदच होत जातात, त्यामुळे ती मांडीतून पोटातल्या महाशिरेत आणि तिथून हृदयाच्या उजव्या बाजूत न अडता पोचते. अडते ती पुढे, फुफ्फुसाच्या धमनीला फाटे फुटतात तिथे.

आता खरा भार येतो उजव्या खालच्या कप्प्यावर. त्याची भिंत पातळ, कारण फुफ्फुसात रक्त ढकलायला एरवी फार जोर लागतच नाही. समोरची वाट एकाएकी तुंबली की तो फुग्यासारखा ताणला जातो. टूडी इकोत हे डोळ्यांना दिसते. एरवी डाव्यापेक्षा लहान असणारा उजवा कप्पा त्याच्या बरोबरीचा किंवा मोठा झालेला असतो आणि मधला पडदा डावीकडे ढकलला गेल्याने डावा कप्पा गोल न दिसता इंग्रजी ‘डी’सारखा चपटा दिसतो. रक्तात ट्रोपोनिन वाढले असेल, तर त्या स्नायूला इजा होऊ लागली आहे असे समजतात. ईसीजीत मात्र पुष्कळदा वाढलेल्या ठोक्यांपलीकडे काहीच सापडत नाही.

या खुणांचे मोल रक्तदाब अजून ठीक असताना सर्वांत जास्त. रुग्ण बोलतो-चालतो आहे, पण उजवा कप्पा थकला आहे, असे दिसले की डॉक्टर रक्त पातळ करणारे औषध देऊन त्याच्यावर बारीक नजर ठेवतात. रक्तदाब कोसळला, तर गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा विचार होतो. त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने ते सरसकट देत नाहीत. उलट, गुठळ्या लहान असतील तर इको अगदी नॉर्मल येतो. म्हणून निदान पक्के करायला फुफ्फुसाच्या धमन्यांचा सीटी अँजिओ लागतो.

एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ‘गोळा आला’ म्हणून चोळत बसू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.