‘पॅक करून देऊ का?’ या प्रश्नामागच्या चार ओळी

दिवाळीच्या आठवड्यात भेटवस्तूंच्या दुकानात सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘गिफ्ट पॅक करून देऊ का?’ काउंटरवर तो तोंडी विचारला जातो. गिऱ्हाईक मागच्या फळीवरचे कागद बघतं, एकाकडे बोट दाखवतं, ‘किती घेणार?’ म्हणून विचारतं आणि व्यवहार होतो. तेच दुकान मोबाइलवरून माल विकू लागलं की हा संवाद दोन चौकटींत मावावा लागतो. एका चौकटीत सजावटीचा कागद, दुसरीत संदेशाचं कार्ड, आणि प्रत्येकीशेजारी दोन-तीन ओळींचा मजकूर. दुकानदार बहुतेकदा हा मजकूर सगळ्यात शेवटी, घाईघाईने लिहितो. सणाच्या आठवड्यातल्या तक्रारींचा मोठा वाटा मात्र इथेच जन्माला येतो.

बऱ्याच ठिकाणी दिसणारा मजकूर साधारण असा असतो: ‘आपल्या प्रिय व्यक्तीसाठी आकर्षक गिफ्ट रॅप निवडा. आपला खास संदेश जोडा.’ यात चुकीचं काहीच नाही, पण उपयोगाचंही काही नाही. कागद कोणता, पैसे किती, कार्ड छापील की हाताने लिहिलेलं, बिल खोक्यात जाणार की नाही, यातलं काहीच गिऱ्हाइकाला कळत नाही. शिवाय ‘प्रिय व्यक्ती’ हे मराठी घरातलं बोलणं नव्हे. दिवाळीत भेट जाते ती ताईला, वहिनीला, पाडव्याला बायकोला, नाहीतर लेकीच्या सासरी. ‘कोणासाठी घेताय?’ एवढं विचारलं तरी माणूस मोकळेपणाने पुढे लिहू लागतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून पाहू. भाऊ बंगळुरूला, बहीण कोल्हापुरात. सुट्टी मिळत नाही, म्हणून तो पुण्यातल्या एका दुकानातून भाऊबीजेची भेट पाठवतो. खोकं ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि ८ उंच, म्हणजे साडीच्या खोक्यासारखं.

आधी कागद. खोक्याभोवती पूर्ण वेढा द्यायला रुंदी आणि उंचीच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे ५६ सेंटिमीटर लागतात. एकावर एक चढून चिकटायला आणखी ३ धरले की ५९. दुसऱ्या बाजूला लांबीचे ३० आणि दोन्ही टोकांना घडी घालायला उंचीच्या पाऊणपट, म्हणजे ६-६, असे ४२. बाजारात ५० बाय ७० सेंटिमीटरच्या आसपासचा ताव सहज मिळतो, त्यात हे खोकं नीट बसतं. आता खोकं ३५ बाय २५ बाय १२ चं असेल तर? नुसत्या वेढ्यालाच ७७ सेंटिमीटर हवेत. एक ताव पुरत नाही, मधे जोड येतो. तो जोड लपवायला रिबीन लागते, आणि काम दुप्पट वेळ खातं.

‘कुठल्याही वस्तूला ४० रुपयांत गिफ्ट रॅप’ असं लिहून बसलेल्या दुकानदाराला हा हिशेब धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कळतो. साध्या खोक्याला सरासरी ५ मिनिटं धरली तरी ४० खोकी म्हणजे २०० मिनिटं, एका माणसाचे तीन तास वीस मिनिटं. त्यात गोल बरणी, पणत्यांचा संच किंवा समई आली की ५ मिनिटांची १५ होतात, कारण गोल वस्तूला कागद सुरकुत्या पडल्याशिवाय बसतच नाही. तिला आधी खोकं हवं, नाहीतर जिलेटीन पेपरात घालून वर गाठ मारावी लागते. म्हणून मजकुरात मर्यादा आधीच लिहिणारा दुकानदार शहाणा: ‘३० बाय २० बाय ८ सेंमीपर्यंतच्या खोक्याला ४० रुपये. मोठ्या खोक्याला ७०. गोल वस्तू जिलेटीन पेपरात बांधून, ६० रुपये.’ आकडे ज्याच्या त्याच्या हिशेबाचे, पण ते कागदावर असले पाहिजेत.

हे पैसे मागायचे कसे, यावर आता सरकारी नियमही आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे गिऱ्हाइकाची संमती त्याने स्वतः केलेल्या कृतीतूनच घ्यावी लागते. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट चालत नाही. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता वस्तू घालणं, खोटी घाई लावणं आणि नकार देणाऱ्याला लाजवणं हे त्यातलेच प्रकार आहेत. भेटकागदाच्या चौकटीत हे तिन्ही फार सहज शिरतात. ‘फक्त ३ रॅप शिल्लक’ असं लिहायचं आणि मागे तावांचा गठ्ठा पडलेला. किंवा नकाराच्या बटणावर लिहायचं, ‘नको, माझ्या बहिणीला साध्या पिशवीत चालेल’. सणासुदीला, बहिणीच्या नावाने, माणसाला असं कोंडीत पकडणं मनाला लागतं. नकाराचं बटण ‘नको’ एवढंच म्हणालं तरी पुरे.

किमतीचा आणखी एक गुंता आहे. भेट देणारा हमखास विचारतो, ‘किंमत काढून टाकाल ना?’ आणि दुकानदार सेवेच्या भरात लिहून टाकतो, ‘किमतीचं लेबल काढून देऊ’. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाने छापलेली किरकोळ किंमत विक्रेत्याने खोडायची, पुसायची किंवा बदलायची नसते. त्यामुळे जे वचन पाळता येत नाही ते देऊच नये. त्याऐवजी एवढं लिहिता येतं: ‘बिल खोक्यात ठेवत नाही, ते फक्त तुम्हाला पाठवतो.’ गिऱ्हाइकाची खरी काळजी बहुतेकदा तेवढ्याने मिटते.

आता कार्ड. इथे मराठीची स्वतःची अशी एक अडचण आहे आणि ती फार थोड्या दुकानांना ठाऊक असते. चौकटीखाली लिहिलेलं असतं, ‘५० अक्षरे’. वाचणारा म्हणतो, भरपूर झाली. पण ‘भाऊबीजेच्या हार्दिक शुभेच्छा’ या तीन शब्दांत डोळ्याला ११ अक्षरं दिसतात, तर संगणक मोजतो २८. कारण त्याच्या लेखी प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला लपलेला हलन्त आणि शब्दांमधली मोकळी जागा, सगळ्यांची नोंद वेगवेगळी. ‘च्छा’ आपल्याला एक अक्षर, त्याला चार खुणा.

आपल्या बंगळुरूच्या भावाने समजा असं लिहिलं: ‘ताई, यंदा चंद्राला ओवाळ, ओवाळणी मात्र माझीच घे. तुझा बंड्या’. भाऊ जवळ नसला की बहिणीने चंद्राला ओवाळायची रीत त्याच्या मनात आहे, आणि त्याने ती छान पकडली आहे. संगणकाच्या मोजणीत हा मजकूर ५९ खुणांचा होतो. मर्यादा ५० ची असेल आणि पुढचं मुकाट्याने कापलं जात असेल, तर कार्डावर शेवट छापला जातो ‘माझीच घे. तु’. नेमकं नावच गेलं. कोल्हापुरात खोकं उघडतं तेव्हा भेट असते, मायेचे शब्द असतात आणि पाठवणारा कोण ते कळत नाही. दोन भाऊ असतील तर बहिणीने आभाराचा फोन कुणाला करायचा?

यावर उपाय कठीण नाहीत. मराठीसाठी मर्यादा किमान दुप्पट-अडीचपट धरायची, १५० खुणांची जागा ठेवायची आणि लिहायचं ‘साधारण १२ ते १५ शब्द’. शब्द सगळ्यांना मोजता येतात. नावाला वेगळी ओळ द्यायची आणि तिथे सांगायचं, ‘घरात ज्या नावाने हाक मारतात ते चालेल’. आणि छपाईआधी मजकूर जसा छापला जाणार तसा दाखवायचा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटवर काम करणाऱ्या यंत्रात मोबाइलवरचा मजकूर तसाच चिकटवला तर भलतीच चिन्हं उमटतात. फाँटच अपुरा असेल तर ‘शुभेच्छा’तला च पाय मोडका होऊन छ पासून सुटतो, ‘तुझ्या’चंही तेच होतं. एका कार्डावर ‘शुभेच्छा’, ‘हार्दिक’ आणि ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द छापून पाहिले की यंत्राची परीक्षा होते. फुलं-दिव्यांची चिन्हं एकरंगी प्रिंटरवर अनेकदा रिकामी चौकट होऊन येतात, तेही आधीच सांगावं. अनेकजण मराठी मजकूर इंग्रजी लिपीत टाइप करतात. दुकानाने तो आपल्या मनाने देवनागरीत आणायला जाऊ नये. मीनलची मिनल होते आणि बहीण दुखावते. ‘तुम्ही लिहाल तसंच, त्याच लिपीत छापतो’ ही ओळ इथे कामाला येते.

रिकामी चौकट मात्र सगळ्यांना लिहितं करत नाही. समोर कोरी जागा दिसली की भलेभले ‘हॅपी दिवाळी’ टाकून मोकळे होतात. दोन-तीन नमुने दिले तर माणूस त्यातला एक घेऊन आपल्याला हवा तसा बदलतो. नमुने नात्याप्रमाणे असावेत. भाऊबीजेचं बोलणं वेगळं, पाडव्याचं वेगळं, सासरच्या माणसांना लिहिताना ‘आपण’ येतं.

राहिली तारीख. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ऑक्टोबरला होतं, पाडवा २२ ला आणि भाऊबीज गुरुवारी २३ ला. ‘दोन-तीन दिवसांत पोचेल’ हे एरवी ठीक, पण त्या आठवड्यात मधे रविवार आहे आणि लक्ष्मीपूजन-पाडव्याला कुरिअरची कितीतरी कार्यालयं बंद असतात. म्हणून दिवस मोजायला न लावता सरळ वार आणि वेळ द्यावी: ‘भाऊबीजेला कोल्हापुरात हातात हवं असेल तर धनत्रयोदशी, शनिवार १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५ पर्यंत मागणी नोंदवा. त्यानंतर कागद-कार्डासह पाठवू, पण भाऊबीज गाठेलच असं नाही.’ परदेशी जाणाऱ्या खोक्याबद्दल आणखी एक ओळ हवी: कस्टम्सला ते उघडून पाहता येतं, त्यामुळे सजावट तशीच पोचेल याची खात्री देता येत नाही. तिथे कागदाचे पैसे न घेता नुसतं कार्ड पाठवणं जास्त प्रामाणिक.

हे सगळं जमवून बंड्याच्या पडद्यावरचा मजकूर असा होऊ शकतो: ‘कागदात बांधून देऊ? या खोक्याला ४० रुपये. लाल किंवा हळदी रंगाचा कागद, सुती दोरी. बिल आत ठेवत नाही.’ आणि दुसऱ्या चौकटीत: ‘सोबत कार्ड, २० रुपये. १२ ते १५ शब्द, तुम्ही लिहाल तसेच छापतो. खाली तुमचं नाव विसरू नका. कार्ड पाकिटात घालून कागदाच्या आत, खोक्यावर ठेवतो.’

कार्ड कुठे ठेवणार, हे सांगण्याला कारण आहे. बाहेर चिकटवलेलं पाकीट प्रवासात सुटतं. आत ठेवलं तर सुटत नाही, पण कागद चढल्यावर सगळी खोकी सारखीच दिसतात. धनत्रयोदशीच्या रात्री टेबलावर चाळीस लाल खोकी रचलेली असतात आणि कुणाच्या पोटात कुणाचं कार्ड ते ओळखू येत नाही. म्हणून जुनी माणसं कागद चढवण्याआधी मागणीचा क्रमांक पाकिटाच्या मागे आणि खोक्याच्या तळाला पेन्सिलीने लिहितात, आणि चिकटपट्टी लावण्याआधी दोन्ही आकडे एकदा मोठ्याने वाचतात. मग पाडव्याला बायकोसाठी लिहिलेलं कार्ड कोल्हापूरच्या ताईच्या हातात पडत नाही.