डोकं ताजं असेल तेव्हाच जुळवाजुळव

माझी बहीण जीएसटीची कामं करते. खरेदीची बिलं पोर्टलवरच्या GSTR-2B शी जुळवणं हे त्यातलं सर्वांत किचकट काम, आणि ते ती जेवण झाल्यावर घ्यायची. एकच बिल दोनदा धरलं जायचं. मग तिने दहा दिवस दर दोन तासांनी वहीत स्वतःला पाचपैकी गुण दिले. जागरणाचे दिवस वगळले, कारण ते आकडे फसवतात. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा चार-पाच, दुपारी तीनला जेमतेम दोन. ही दुपारची सुस्ती फक्त जेवणामुळे येत नाही, शरीराच्या घड्याळातच असते. आता जुळवणी सकाळी, फोन आणि फायलिंग दुपारी. तुमची वेळ कदाचित रात्रीची असेल. आधी वहीत बघा.