परवानगीचं पत्र आणि वर्गातली पंचवीस मिनिटं

पीएच.डी. करणारा माणूस प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन थेट वर्गात शिरू शकत नाही. आधी प्राचार्यांना पत्र द्यावं लागतं. बहुतेक जण हे पत्र शेवटच्या घटकेला, सीनियरनं दिलेल्या जुन्या नमुन्यात नाव बदलून तयार करतात. ‘माझ्या संशोधनासाठी आपल्या विद्यार्थ्यांची माहिती आवश्यक आहे, तरी सहकार्य करावे ही नम्र विनंती.’ नम्रता भरपूर आणि माहिती शून्य.

पत्र कार्यालयात गेलं की आवक नोंदवहीत चढतं, त्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो आणि ते फाइलमधून प्राचार्यांच्या टेबलावर जातं. तिथे ते वाचायला दोन-तीन मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तेवढ्यात त्यांना हा माणूस कोण, पोरांचा किती वेळ जाणार आणि उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार, हे कळायला हवं. कॉलेजचं नाव कुठं छापून येणार, ही धास्ती तर सगळ्यांत मोठी. पत्रातून एवढं कळलं, तर कोपऱ्यात ‘विभागप्रमुखांनी सहकार्य करावे’ असा शेरा येतो. नाहीतर ‘चर्चा करावी’ असं लिहून फाइल परत जाते आणि चर्चेला परीक्षेनंतरचा मुहूर्त लागतो.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातलं कला महाविद्यालय आहे. मानसशास्त्राची एक संशोधक विद्यार्थ्यांची झोप आणि परीक्षेचा ताण यांचा संबंध तपासते आहे. तिचं पत्र असं असावं :

‘प्रति,
मा. प्राचार्य

विषय : संशोधनासाठी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,
मी मानसशास्त्र विषयात पीएच.डी. करीत आहे. विद्यापीठाचे नोंदणीपत्र, मार्गदर्शकांचे शिफारसपत्र आणि संपूर्ण प्रश्नावली सोबत जोडली आहे.
बी.ए. प्रथम व द्वितीय वर्षाच्या १२० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची आहे. तीत ४० प्रश्न असून एकदाच, सुमारे २५ मिनिटे लागतील. सत्र परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधीचे, आपल्या सोयीचे दोन दिवस मिळावेत : एक सकाळच्या तासाला, एक दुपारी.
सहभाग ऐच्छिक राहील. नाव किंवा हजेरी क्रमांक घेतला जाणार नाही. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांसाठी पालकांचे संमतीपत्र आधी घेईन. प्रबंधात महाविद्यालयाचा उल्लेख ‘महाविद्यालय अ’ असा राहील आणि निष्कर्ष केवळ समूहाचे असतील. काम संपल्यावर त्यांचा दोन पानी सारांश आपणास देईन. शंका असल्यास माझ्याशी अथवा मार्गदर्शकांशी संपर्क साधावा. दूरध्वनी क्रमांक खाली दिले आहेत.
आपली विश्वासू’

एका पानात बसणाऱ्या या पत्रातलं प्रत्येक वाक्य मागचा काही विचार करून आलेलं आहे. सकाळ आणि दुपार असे दोन दिवस का मागितले? पटावर ३४० मुलं असली तरी सकाळी साडेसातच्या तासाला पन्नास-साठच हजर असतात, आणि जी हजर असतात ती बहुधा वेळेवर झोपणारी. झोपेचा अभ्यास फक्त त्यांच्यावर केला तर रात्री दोनपर्यंत जागणारी पोरं त्यातून आपोआप गळतील आणि आकडे दिसायला झकास येतील. परीक्षेपासूनचं अंतरही असंच महत्त्वाचं. निम्म्या मुलांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फॉर्म भरला आणि निम्म्यांनी निकालानंतर, तर त्या दोन ताणांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

सगळ्यांत नाजूक जागा प्रश्नावलीच्या पोटात असते. म्हणून ती पत्राला पूर्णच जोडावी, ‘नमुना प्रश्न’ नकोत. नैराश्याची लक्षणं मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. तिचा नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले, हे विचारतो. आता समजा, एका मुलानं ‘जवळजवळ रोज’ या चौकटीत खूण केली. फॉर्मवर नाव नाही. संध्याकाळी संशोधक फॉर्म तपासते तेव्हा तो मुलगा एसटीनं घरी पोचलेला असतो आणि त्याला शोधण्याची काहीच सोय नसते. प्राचार्य या प्रश्नाशी थबकतात ते उगीच नव्हे. यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे फॉर्मला सांकेतिक क्रमांक देऊन नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवायची, त्याच दिवशी फॉर्म तपासायचे आणि समुपदेशकाची सोय आधी करायची. मग पत्रात ‘नाव घेणार नाही’ असं लिहिता येत नाही. दुसरी म्हणजे नववा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ ही आवृत्ती वापरायची. आपल्या संशोधकेचा विषय झोप आहे, आत्महत्येचे विचार नाही. तेव्हा तिनं दुसरी वाट धरली ते योग्यच. तरी शेवटच्या पानावर टेलिमानसचा १४४१६ हा मदत क्रमांक छापलेला बरा.

सही-शिक्का मिळाला की काम फत्ते, असं अनेकांना वाटतं. पण प्राचार्यांनी वर्गात जायची परवानगी दिलेली असते, मुलांच्या वतीनं होकार दिलेला नसतो. तो प्रत्येकाकडून वेगळा घ्यावा लागतो. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती आणि तिची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुलं असतातच, आणि कनिष्ठ महाविद्यालयात तर जवळपास सगळीच.

प्रत्यक्षात काय होतं? सर वर्गात येतात, ‘मॅडम आल्यात, सगळ्यांनी फॉर्म भरायचा, कुणी बाहेर जायचं नाही’ असं फर्मावतात आणि पहिल्या बाकाशी उभे राहतात. कुणीतरी सवयीनं वर रोल नंबर टाकतो, मागचे त्याचं बघून टाकतात. मग ‘अभ्यासात लक्ष लागत नाही का?’ याला कोण खरं उत्तर देईल? ही खोट गोळा झालेल्या फॉर्मवरच दिसते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच रकान्यात सरळ रेषेत खुणा असतात, किंवा एका बाकावरच्या तिघांची उत्तरं तंतोतंत जुळतात. म्हणून शिक्षकांनी ओळख करून द्यावी आणि बाहेर जावं, एवढी विनंती विभागप्रमुखांना आधीच करून ठेवावी. फॉर्म कोरा परत दिला तरी चालेल, हे संशोधकेनं स्वतः सांगावं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक टाकून हा खटाटोप वाचवता येतो, पण त्यात वेगळीच गोम आहे. ईमेल गोळा करण्याची सोय चालू राहिली तर पत्रात दिलेला निनावीपणाचा शब्द खोटा ठरतो.

तारखांचा घोळ मात्र नेहमीचा. प्राचार्य ओळखीचे, ‘या हो, पत्र नंतर द्या’ म्हणतात, फॉर्म जानेवारीत भरले जातात आणि पत्रावर मार्चची तारीख पडते. पुढं ते पत्र प्रबंधाच्या परिशिष्टात लागतं आणि मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाचं बोट नेमकं तिथं जातं. आवक शिक्का मारलेली प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. शेरा आल्यावर त्याचीही प्रत घ्यावी. विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या नैतिकता समितीची मंजुरी लागत असेल, तर तीही यापूर्वीची हवी.

आणि नकार आला तर? मग शेजारच्या गावातल्या ओळखीच्या कॉलेजात जाऊन १२० फॉर्म भरून आणण्याचा मोह होतो. जायला हरकत नाही. पण पहिलं कॉलेज निमशहरी, सकाळच्या सत्राचं आणि दुसरं वसतिगृहाचं असेल तर झोपेची गोष्टच बदलते. तेव्हा मूळ निवड कोणती होती, ती का बदलली आणि नव्या कॉलेजात काय वेगळं आहे, हे मार्गदर्शकांना आधी सांगून प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहावं लागतं, आणि नव्या प्राचार्यांना पत्र पुन्हा पहिल्यापासून.