शाकाहाऱ्यांना क्रिएटिनचा गुण जास्त का येतो?

रोज लिटरभर दूध पिणाऱ्या शाकाहारी पैलवानाला त्या दुधातून जेमतेम ०.१ ग्रॅम क्रिएटिन मिळतं. डाळी, शेंगदाणे, सोयाबीन यांत तर ते जवळजवळ नसतंच. याउलट किलोभर कच्च्या मांसात साधारण ४ ते ५ ग्रॅम क्रिएटिन असतं. क्रिएटिनची पावडर सुरू केल्यावर शाकाहाऱ्यांना बहुधा जास्त फरक जाणवतो, त्याचं मूळ या तफावतीत आहे.

क्रिएटिन हा स्नायूंचा तातडीचा इंधनसाठा. जड वजन उचलताना किंवा जोरात धाव घेताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा त्यातून भरून निघते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातून रोज सुमारे २ ग्रॅम क्रिएटिन क्रिएटिनिन बनून लघवीवाटे जातं. शरीर स्वतः अमिनो आम्लांपासून रोज साधारण १ ग्रॅम तयार करतं आणि मांसाहारी माणसाची उरलेली तूट ताटातून भरते. शाकाहाऱ्याची ती भरत नाही, त्यामुळे त्याचा साठा कमी पातळीवर स्थिरावतो.

मात्र साठ्याला वरची मर्यादाही आहे. सुक्या स्नायूच्या किलोमागे मांसाहाऱ्यांत साधारण १२० मिलिमोल क्रिएटिन असतं, शाकाहाऱ्यांत ९० ते ११०. कमाल पातळी १५० ते १६०च्या आसपास. म्हणजे १०० वरून सुरुवात करणाऱ्याला ५० ची भर घालायला वाव आहे, तर १३० वर असलेल्याला २०-३० चाच. स्नायू भरले की जास्तीचं क्रिएटिन लघवीतून निघून जातं.

कॅनडातील बर्क आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं. शाकाहारी आणि मांसाहारी, दोघांकडूनही ८ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. क्रिएटिन घेणाऱ्या शाकाहाऱ्यांच्या स्नायूंतला साठा, चरबीविरहित वजन आणि व्यायामात केलेलं एकूण काम, तिन्ही क्रिएटिन घेणाऱ्या मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. सुरुवातीचा साठा जितका कमी, तितकी वाढ मोठी.

मेंदूच्या बाबतीत मात्र हे गणित तसंच लागू होत नाही. शाकाहाऱ्यांच्या मेंदूतलं क्रिएटिन मांसाहाऱ्यांइतकंच असल्याचं आढळलं आहे, कारण मेंदू आपली गरज बरीचशी स्वतःच भागवतो. त्यामुळे स्मरणशक्तीबद्दलचे दावे जपून घ्यावेत.

रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतलं की साधारण चार आठवड्यांत स्नायू भरतात. पावडर रसायनांपासून बनते, त्यामुळे व्हीगन मंडळींनाही चालते. कॅप्सूल घेणाऱ्यांनी मात्र वेष्टन जिलेटिनचं नाही ना, ते पाहावं. सुरुवातीला किलोभर वजन वाढलं, तर ते बव्हंशी स्नायूंत शिरलेलं पाणी असतं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. मूत्रपिंड धडधाकट असतानाही असं होतं, म्हणून पावडर चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर त्यांना विचारल्याशिवाय ती सुरूच करू नये.